हजेरीचा छेद: प्रसूती रजेवरच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

हे प्रकरण एका स्वायत्त महाविद्यालयातलं आहे. मी तिथे रसायनशास्त्र शिकवते, आणि त्या वर्षी विद्यार्थी कल्याण समितीचं काम माझ्याकडे होतं. विद्यार्थिनीचं नाव बदललं आहे, कॉलेजचं नाव दिलेलं नाही. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून सुट्ट्यांचे दिवस वगळून आठवड्यांच्या हिशेबात मांडले आहेत.

पार्श्वभूमी

शुभांगी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिसरं सत्र २२ जुलैला सुरू झालं. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तिला मिळत होती आणि तिची फी त्यावरच चालायची. शिष्यवृत्तीसाठी ७५ टक्के हजेरी लागत होती. परीक्षेला बसण्यासाठी कॉलेजच्या नियमातही ७५ टक्केच होते, पण ते व्याख्यानं आणि प्रात्यक्षिकं यांना वेगवेगळे लागू होते.

२ सप्टेंबरला ती माझ्या केबिनमध्ये आली. तिला अठ्ठाविसावा आठवडा नुकताच लागला होता. सोनोग्राफीच्या कागदावर प्रसूतीची अपेक्षित तारीख २४ नोव्हेंबर होती. तिसऱ्या सत्राची लेखी परीक्षा १८ नोव्हेंबरला सुरू होणार होती. चार पेपर, एक दिवसाआड.

"मॅडम, एक वर्ष सोडू का?" हा तिचा पहिला प्रश्न. घरातल्यांनी तसंच सुचवलं होतं. वर्गशिक्षकांनीही "बघ बाई, तब्येत आधी" असं म्हणून तेच सुचवलं होतं. सगळ्यांचा हेतू चांगला होता, पण वर्ष सोडल्यावर शिष्यवृत्तीचं काय होतं हे त्यातल्या कोणीच पाहिलं नव्हतं.

अडचण नेमकी कुठे होती

वरवर पाहता अडचण तारखांची वाटत होती. मी हजेरीपट मागवला तेव्हा दुसरीच अडचण समोर आली. सहा आठवड्यांत झालेल्या ७२ व्याख्यानांपैकी ती बहुतेकांना हजर होती. प्रात्यक्षिकं मात्र १२ झाली होती आणि ती आली होती फक्त ३ ना.

कारण विचारलं तर म्हणाली, "लॅबमध्ये टोल्युइन, क्लोरोफॉर्म असायचं. डॉक्टर म्हणाल्या होत्या जपून राहा. मग मी यायचंच बंद केलं." तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं म्हणजे दिवस गेल्याचं सांगावं लागलं असतं. लॅबच्या रजिस्टरमध्ये नऊ ठिकाणी लाल गोल होते. कारणाचा रकाना त्या रजिस्टरमध्ये नाहीच.

पुढे जे काही गुंतलं त्याचं मूळ इथे आहे. प्रसूतीची रजा पुढच्या दिवसांसाठी मागता येते. मागे पडलेले लाल गोल रजेच्या अर्जाने पुसले जात नाहीत.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय वर्ष सोडण्याचा. तो सोपा दिसतो, पण पुढच्या वर्षी ती त्याच वर्गात पुन्हा बसली असती आणि एकाच वर्गासाठी दुसऱ्यांदा शिष्यवृत्ती मिळवणं फार अवघड असतं. शिवाय त्या वर्षाच्या सुरुवातीलाच मंजुरीसाठी गेलेला अर्ज अर्धवट राहिला असता. वर्ष सोडणं म्हणजे तिच्या बाबतीत बहुधा शिक्षण सोडणंच ठरलं असतं, असं माझं मत झालं आणि तसं मी तिला सांगितलं.

दुसरा पर्याय नेहमीच्या परीक्षेला बसण्याचा. एकोणचाळिसाव्या आठवड्यात तीन तासांचे चार पेपर. तिची त्यालाही तयारी होती. तिच्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट नकार दिला, त्यामुळे त्यावर फार चर्चा झाली नाही.

तिसरा पर्याय होता चारही पेपर सोडून उन्हाळी सत्रात, चौथ्या सत्राच्या पेपरांबरोबर द्यायचे. संलग्न महाविद्यालयात बहुतेक वेळा हाच एक मार्ग उरतो, कारण एका विद्यार्थिनीसाठी विद्यापीठ वेगळी प्रश्नपत्रिका काढत नाही. त्यात आठ पेपर एकदम येतात, आणि तोपर्यंत निकालावर 'एटीकेटी' दिसत राहतं.

चौथा पर्याय आमच्याकडे स्वायत्ततेमुळे होता, कारण परीक्षा कॉलेजच घेतं. नापास विद्यार्थ्यांसाठी जानेवारीत पुरवणी परीक्षा होतेच. तीच परीक्षा तिने द्यायची, पण 'पहिला प्रयत्न' म्हणून. त्यासाठी वेगळा पेपर काढावा लागत नव्हता, वेगळं केंद्र लागत नव्हतं. लागत होता तो फक्त परीक्षा समितीचा ठराव. आम्ही हा पर्याय धरला.

एका मुद्द्यावर मी तिच्या आग्रहापुढे नमते झाले. ती म्हणाली, १८ आणि २० नोव्हेंबरचे पहिले दोन पेपर देते, उरलेले दोन जानेवारीत. तब्येत ठीक असेल तर ओझं निम्मं होईल. डॉक्टरांनी मनाई केल्यावरही ती ते धरून बसली होती, आणि "त्या दिवशी तपासून बघू" या शब्दांवर त्यांनी सोडून दिलं. मीही अर्ज तसाच लिहायला मदत केली. ती चूक होती. ती कशी अंगाशी आली ते पुढे येईलच.

नियमांचा आधार

प्राचार्यांचा पहिला प्रश्न रास्त होता. "प्रसूती रजा कर्मचाऱ्यांना असते. विद्यार्थिनीला कुठल्या नियमाने देऊ?" तेव्हा लागू असलेला १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतरचे त्यातले २६ आठवडे हे नोकरीतल्या स्त्रीसाठी होते. विद्यार्थिनी कोणाची कर्मचारी नसते. तो कायदा घेऊन कोणी कॉलेजमध्ये गेलं तर हात हलवत परत यावं लागायचं.

आम्ही आधार घेतला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १४ डिसेंबर २०२१ च्या पत्राचा. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, हे आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीपासूनच होतं. २०२१ च्या पत्राने त्यापुढे जाऊन पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी हजेरीत सवलत, परीक्षा अर्जाची मुदतवाढ अशा सोयींचे नियम संस्थांनी स्वतः करावेत असं सांगितलं. दिवसांचा आकडा मात्र दिला नाही. म्हणजे दार उघडं आहे, पण आत काय ठेवायचं ते कॉलेजने ठरवायचं. आमच्या कॉलेजने तोवर काहीच ठरवलं नव्हतं.

प्राचार्य म्हणाले, "हे तर विनंतीवजा पत्र आहे." तेही खरं होतं. म्हणून अर्जासोबत मी एक पानाचं टिपण जोडलं. त्यात केरळ सरकारने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या विद्यापीठांतल्या १८ वर्षांवरील विद्यार्थिनींना ६० दिवसांची प्रसूती रजा लागू केल्याचा उल्लेख होता. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एम.एड.च्या विद्यार्थिनीची रजा नाकारणारा विद्यापीठाचा निर्णय रद्द करून ५९ दिवसांच्या रजेचा फेरविचार करायला सांगितलं होतं, तोही होता.

विरुद्ध बाजूचा निकालही मी टिपणात घातला. २०१८ मध्ये त्याच न्यायालयात कायद्याच्या एका विद्यार्थिनीला गरोदरपणामुळे कमी पडलेल्या हजेरीत सूट मिळाली नव्हती, कारण तिथे बार कौन्सिलच्या हजेरीच्या नियमाचा प्रश्न होता. हा निकाल लपवला असता तर उपप्राचार्यांनी तो बैठकीत काढलाच असता. आम्ही तोच पुढे ठेवून म्हटलं, की एम.एस्सी.वर अशी कोणतीही परिषद नाही, हजेरीचा नियम कॉलेजचा स्वतःचा आहे, आणि स्वतःचा नियम शिथिल करणं आपल्याच हातात आहे. कायदा, फार्मसी, नर्सिंग, बी.एड. अशा अभ्यासक्रमांत हे इतकं सरळ नसतं. तिथे आधी परिषदेचा नियम वाचावा लागतो आणि बऱ्याचदा भरपाईचे तासच भरून काढावे लागतात.

हजेरीचा हिशेब

'हजेरीत सवलत' हे दोन शब्द ऐकायला बरे वाटतात, पण त्यांचे तीन वेगवेगळे अर्थ होतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. एक, ७५ ची मर्यादाच खाली आणायची. दोन, रजेचे दिवस 'हजर' धरायचे, म्हणजे अंश वाढवायचा. तीन, रजेच्या काळातले तास मोजायचेच नाहीत, म्हणजे छेद कमी करायचा.

पहिल्या मार्गाने परीक्षेचं काम होतं, पण शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर टक्केवारी कमीच दिसते आणि तिथली मर्यादा कॉलेज बदलू शकत नाही. दुसऱ्यात न आलेल्या मुलीला 'हजर' लिहायचं, म्हणजे हजेरीपटात खोटं लिहिल्यासारखं होतं. कोणी तपासणीला आलं तर शिक्षक अडचणीत येतात. आम्ही तिसरा मार्ग निवडला, कारण त्यात कोणी खोटं लिहीत नाही आणि निघणारी टक्केवारी परीक्षेला व शिष्यवृत्तीला एकच राहते.

रजा १४ ऑक्टोबरपासून घ्यायची ठरली. तेव्हा चौतिसावा आठवडा सुरू होणार होता आणि सत्राचे १५ पैकी १२ आठवडे झालेले असणार होते. आठवड्याला १२ व्याख्यानं, म्हणजे तोवर १४४. त्यांपैकी तिची १२२ भरली. पूर्ण सत्राच्या १८० वर मोजलं तर ६८ टक्के. रजेचे तीन आठवडे वगळून १४४ वर मोजलं तर ८५ टक्के. व्याख्यानांचा प्रश्न छेद बदलताच सुटला.

प्रात्यक्षिकांचा सुटला नाही. रजेपर्यंत २४ प्रात्यक्षिकं होणार होती. सप्टेंबरपासूनच्या सगळ्या १२ ना ती आली असं धरलं तरी आधीच्या ३ सकट १५ होत होती. २४ पैकी १५ म्हणजे साडेबासष्ट टक्के. आणखी ३ हवी होती.

इथे लॅबमधल्या सहकाऱ्याने डोकं चालवलं. २ सप्टेंबरनंतर तिला सॉल्व्हंट असलेल्या प्रयोगांऐवजी उपकरण कक्षातलं काम दिलं: तयार नमुन्यांचे यूव्ही आणि आयआर आलेख घेणं, दिलेल्या एनएमआर आलेखांवरून रचना ओळखणं, pH मोजून अनुमापनाचा आलेख काढणं. गुण त्याच तक्त्यावर, नोंदवही तीच. शिवाय शनिवारी चार जादा प्रात्यक्षिकं घेतली. गरज तीनची होती, चौथं एखादा दिवस हुकला तर हाताशी असावं म्हणून. २४ पैकी १९ झाली, ७९ टक्के. जादा प्रात्यक्षिकांची तारीख, वेळ आणि शिक्षकाची सही वेगळ्या पानावर घेऊन ते पान हजेरीपटाला जोडलं. हे पान पुढे फार कामी आलं.

हेच काम ऑगस्टमध्ये सुरू झालं असतं तर जादा शनिवार लागलेच नसते. यात तिची चूक नव्हती. विसाव्या आठवड्यात एखाद्या मुलीने येऊन सांगावं असं आमच्या विभागात काही नव्हतंच. लॅबच्या पहिल्या दिवशी सुरक्षिततेचे नियम वाचून दाखवतो, गॉगल आणि ॲप्रनचं सांगतो. 'गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर फक्त प्रात्यक्षिकाच्या शिक्षिकेला सांगा, प्रयोग बदलून मिळेल' हे एक वाक्य त्यात नव्हतं. आता आहे.

अर्ज, परीक्षेचा फॉर्म आणि एक तारीख

परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत १० ऑक्टोबर होती. शुभांगीने तो भरलाच नव्हता. "बसेन की नाही हेच नक्की नाही, तर फी कशाला भरू?" हा तिचा तर्क समजण्यासारखा आहे, आणि असं करणाऱ्या मुली मी नंतरही पाहिल्या. पण फॉर्म नसेल तर परीक्षा विभागाच्या लेखी ती त्या सत्राची परीक्षार्थीच नाही. पुढे ढकलायला मुळात परीक्षा असावी लागते. फॉर्म भरून, शुल्क भरून, मग 'वैद्यकीय कारणाने पुढे ढकलावी' असा अर्ज द्यायचा, हा क्रम चुकला की पुरवणी परीक्षेतही 'नवा विद्यार्थी' म्हणून अडतं. तिने ९ ऑक्टोबरला फॉर्म भरला.

रजेचा अर्ज १४ ऑक्टोबर ते १२ जानेवारी असा ९१ दिवसांचा होता. त्यातले शिकवण्याचे आठवडे सातच होते, तिसऱ्या सत्राचे तीन आणि चौथ्याचे चार. बाकीचा काळ परीक्षा आणि सुट्टीचा. प्राचार्यांना ९१ चा आकडा मोठा वाटला. 'शिकवण्याचे सात आठवडे' असं मांडल्यावर तो आक्षेप गळून पडला. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, सोनोग्राफीच्या अहवालाचं तारखेचं पान आणि वर सांगितलेलं टिपण जोडलं. संपूर्ण वैद्यकीय फाइल द्यायची गरज नसते, आणि देऊही नये.

परीक्षा समितीने ठराव केला. त्यात लिहिलं गेलं ते अर्जातलंच: 'तिसरा व चौथा पेपर (२२ व २४ नोव्हेंबर) पुरवणी परीक्षेत पहिला प्रयत्न म्हणून घेण्यास मान्यता.'

बाळ १३ नोव्हेंबरला झालं. अकरा दिवस आधी, सिझेरियनने.

म्हणजे पहिल्या दोन पेपरांना ती बसणं शक्यच नव्हतं, आणि ठराव त्या दोन पेपरांबद्दल गप्प होता. परीक्षा विभागाने नियमावर बोट ठेवलं. ठरावात नाही म्हणजे गैरहजर, गैरहजर म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे जानेवारीत दुसरा प्रयत्न. दुसऱ्या प्रयत्नात आमच्याकडे गुणवत्ता यादीत नाव येत नाही आणि गुणपत्रिकेवर खूण राहते. समितीची पुढची बैठक डिसेंबरच्या शेवटी होती. शुभांगीच्या आईच्या सहीने १६ नोव्हेंबरला नवा अर्ज दिला, सोबत रुग्णालयाचा डिस्चार्जचा कागद. परीक्षा नियंत्रकांनी बैठकीची वाट न पाहता तो 'तत्त्वतः मान्य, समितीपुढे ठेवावा' असा शेरा मारून दाखल करून घेतला. त्यांनी तो घेतला नसता तर पुढचं सगळं वेगळं घडलं असतं, आणि ते सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर होतं ही गोष्ट मला आजही खटकते.

अर्ज तारखांवर लिहायचा नसतो, प्रसूतीवर लिहायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. 'प्रसूतीमुळे या सत्रातल्या ज्या ज्या परीक्षांना बसता येणार नाही त्या सर्व' असं एक वाक्य असतं तर ती दोन पेपरांना बसली काय किंवा न बसली काय, ठराव तसाच लागू झाला असता. अपेक्षित तारीख हा अंदाज असतो. बहुतेक बाळं त्या नेमक्या दिवशी जन्माला येत नाहीत.

पुरवणी परीक्षा

ती १३ जानेवारीला वर्गात परत आली. पुरवणी परीक्षा २३ जानेवारीपासून होती, बाळ तेव्हा सव्वादोन महिन्यांचं. प्रात्यक्षिक परीक्षा बाहेरच्या परीक्षकांच्या सोयीने त्यानंतरच्या आठवड्यात ठेवली.

केंद्राची तयारी आम्ही बऱ्यापैकी केली होती. तळमजल्यावरची खोली, शेजारच्या खोलीत बाळ आणि आजी, दूध पाजायला मध्ये एकदा उठण्याची परवानगी, सोबत महिला पर्यवेक्षक. फक्त उठण्यात गेलेला वेळ भरून देण्याचा विचार कोणी केला नाही. पहिल्या पेपरला ती पंचवीस मिनिटं बाहेर होती. तीन तासांतली पंचवीस मिनिटं गेली ती गेली. लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्याला जादा वेळ देण्याची पद्धत आमच्याकडे आहे, मग हिला का नाही, हा प्रश्न पेपर संपल्यावर सुचून उपयोग नव्हता. दुसऱ्या पेपरापासून वीस मिनिटं मिळाली, तीही तोंडी.

पहिला पेपर बिघडण्याचं दुसरंही कारण होतं. दहा आठवड्यांची लस २२ जानेवारीला देय होती आणि तिने ती वेळेवर दिली. रात्री बाळाला ताप आला, रडणं पहाटेपर्यंत चाललं, आणि सकाळी अकराला तिचा पेपर. आम्ही परीक्षेचं वेळापत्रक हजेरीपटाशी, समितीच्या ठरावाशी, परीक्षकांच्या तारखांशी जुळवून पाहिलं होतं. लसीकरणाच्या कार्डाशी जुळवून पाहिलं नव्हतं. सहा, दहा आणि चौदा आठवडे या तारखा बाळाच्या जन्माच्या दिवशीच कळतात. लस चार दिवस पुढे घ्यावी का हे तिने डॉक्टरांना विचारायला हवं होतं, आणि तिला तसं सुचवायला मी.

निकालात ती चारही पेपर पास झाली. पहिल्याला ४३, बाकी तिन्हींत साठीच्या पुढे. प्रात्यक्षिकात वर्गात दुसरी आली. सप्टेंबरपासून उपकरण कक्षात बसल्याचा तो फायदा.

शिष्यवृत्ती

सगळं आटोपलं असं वाटत असताना फेब्रुवारीत तिचा फोन आला. "मॅडम, महाडीबीटीवर माझा अर्ज परत आलाय. हजेरी कमी म्हणून."

अर्ज बाहेरच्या कुठल्या कार्यालयातून परत आला नव्हता. आमच्याच कॉलेजच्या लॉगिनमधून परत पाठवला होता. शिष्यवृत्ती बघणाऱ्या लिपिकाने हजेरीपटातली १८० पैकी १२२ ही संख्या घेऊन ६८ टक्के भरले होते. छेद बदलल्याचा ठराव परीक्षा विभागाच्या फाइलमध्ये होता आणि शिष्यवृत्तीच्या टेबलापर्यंत कधी पोचलाच नव्हता. शिवाय डिसेंबरच्या निकालपत्रात चारही पेपरांपुढे गैरहजर आणि खाली 'एटीकेटी' छापलं होतं, कारण निकालाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पुढे ढकललेली परीक्षा' असा प्रकारच नव्हता. लिपिकाने दोन्ही कागद बघून नियमाप्रमाणे अर्ज परत केला. त्याला दोष देण्यासारखं मला काही दिसलं नाही.

मुदत संपायला सहा दिवस होते. आम्ही चार कागद एकत्र केले: समितीचा दुरुस्त ठराव, वर्गशिक्षकांच्या सहीचा १४४ पैकी १२२ असा हजेरीचा दाखला, जादा प्रात्यक्षिकांचं ते पान, आणि जानेवारीच्या निकालाची प्रत. प्राचार्यांच्या सहीचं अर्ध्या पानाचं पत्र वर लावलं, की विद्यार्थिनी मंजूर रजेवर होती, त्या काळातले तास हजेरीच्या हिशेबात धरलेले नाहीत, आणि परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण आहे. शुभांगीने पोर्टलवर अर्ज दुरुस्त करून हे कागद चढवले, लिपिकाने ८५ टक्के भरून पुढे पाठवला. रक्कम तिच्या वर्गमैत्रिणींपेक्षा सुमारे दोन महिने उशिरा आली, पण पूर्ण आली.

यातच एक संकट हुकलं ते केवळ योगायोगाने. बाळाच्या जन्मदाखल्याच्या निमित्ताने घरचे तिचं आधारवरचं नाव सासरच्या आडनावाने बदलून घेणार होते. रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात येते, आणि गुणपत्रिका माहेरच्या नावाची. सत्राच्या मध्ये नाव बदललं असतं तर हजेरीपेक्षा मोठा घोळ झाला असता. पदवी हातात येईपर्यंत नावाला हात लावू नकोस, असं मी तिला बोलता बोलता सांगितलं होतं.

चौथं सत्र आणि जे राहून गेलं

चौथ्या सत्रात रजेचे चार आठवडे वगळून १३२ व्याख्यानं धरली गेली. त्यांपैकी ती १०४ ना हजर होती, ७९ टक्के. रजेनंतरची बहुतेक गैरहजेरी बाळाच्या आजारपणाची होती. त्यासाठी कुठलीही सवलत आमच्या ठरावात नव्हती, आणि पाच तास आणखी बुडले असते तरी तिचे बरोबर ७५ टक्के भरले असते, म्हणून आम्ही तो विषय काढला नाही. प्रकल्पाचं सादरीकरण तिने मे महिन्यात केलं.

एक गोष्ट मात्र आम्ही सरळ चुकलो. जानेवारीत पुरवणी परीक्षेची यादी फलकावर लागली तेव्हा तिच्या नावापुढे शेऱ्यात 'प्रसूती रजा' असं टाइप केलेलं होतं. वर्गातल्या मोजक्याच मुलींना माहीत असलेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या विभागाला माहीत झाली. यादी मी काढायला लावली, पण तोवर दोन तास ती तिथे होती. शेऱ्यात 'समिती ठराव क्र.' एवढंच लिहिलं असतं तरी पुरलं असतं. ती मला त्याबद्दल काही बोलली नाही. नंतर एकदा मीच विषय काढला, तेव्हा म्हणाली, "लग्न झालंय हेच निम्म्यांना माहीत नव्हतं, मॅडम."

जूनमध्ये विद्या परिषदेपुढे आम्ही एक पानाचा नियम ठेवला. छेदातून रजेचे तास वगळणं, प्रसूतीवर आधारित अर्ज, बाहेर जाण्याचा वेळ भरून देणं आणि ठरावाची प्रत शिष्यवृत्तीच्या टेबलावर त्याच दिवशी, एवढं त्यात होतं. वेळ भरून देण्याचं कलम 'परीक्षा नियंत्रकांच्या विवेकानुसार' असं बदलून मंजूर झालं. सप्टेंबरमध्ये बी.एस्सी.ची एक मुलगी आली, बाविसाव्या आठवड्यात. तिच्या प्रात्यक्षिकांच्या रजिस्टरमध्ये तोवर एकही लाल गोल नव्हता.